शेल्फवरचा छोटा आकडा

तुमच्या घरातलं कुणी परदेशात राहत असेल, तर सुपरमार्केटच्या शेल्फचा फोटो तुमच्याही फॅमिली ग्रुपवर कधीतरी आला असेल. माझी ताई इंग्लंडमध्ये लेस्टरला शिकते. आठवड्याचा किराणा तिला ठरलेल्या पैशांतच बसवावा लागतो. त्यामुळे एकदा तिने बासमती तांदळाच्या शेल्फचा फोटो पाठवला आणि विचारलं, "यातलं कुठलं घेऊ?"

आईचं उत्तर लगेच आलं, "मोठं पाकीट घे, तेच स्वस्त पडतं." आपल्याकडे बहुतेकांचा हाच हिशोब असतो. पण असा फोटो आला की आधी तो झूम करा आणि पाकिटांकडे नाही, तर शेल्फच्या कडेला लावलेल्या किमतीच्या पट्ट्यांकडे बघा. ठळक आकडा असतो पाकिटाची किंमत. त्याच पट्टीवर बारीक अक्षरांत आणखी एक आकडा असतो, दर किलोचा किंवा दर १०० ग्रॅमचा भाव. तुलना करायची ती याच आकड्याची.

ताईच्या फोटोत तीन पट्ट्या होत्या. ५०० ग्रॅमचं पाकीट दीड पौंडाला, १ किलोचं २.२० पौंडांना आणि २ किलोचं ४.६० पौंडांना. मोठ्या दोन पाकिटांखाली किलोचा भाव लिहिलेला होता: २.२० आणि २.३० पौंड. म्हणजे सगळ्यात मोठं पाकीट मधल्यापेक्षा किलोमागे १० पेन्सनी महाग होतं!

लहान पाकिटाखाली मात्र '३० पेन्स, दर १०० ग्रॅम' असं लिहिलं होतं. बाकी दोन आकडे पौंडांत आणि हा पेन्समध्ये, त्यामुळे घाईत ३० हा आकडा नेमका कशाशी ताडून पाहायचा तेच कळत नाही. अशा वेळी सगळे भाव एकाच मापात आणा. १०० ग्रॅमला ३० पेन्स, तर किलोला त्याच्या दहापट, म्हणजे ३०० पेन्स. १०० पेन्सचा एक पौंड, म्हणून ३ पौंड किलो. सगळ्यात महाग हेच.

पण याच लहान पाकिटावर मोठी रंगीत पट्टी होती: 'कोणतीही ३ घ्या, ३.६० पौंडांत'. एरवी तीन पाकिटांचे साडेचार पौंड होतात, त्यामुळे ९० पेन्स वाचल्यासारखे वाटतात. खालच्या बारीक आकड्यात मात्र ही ऑफर धरलेली नव्हती, तो एकाच पाकिटाच्या किमतीवरून काढलेला होता. असं पुष्कळदा असतं, म्हणून ऑफरचा भाव आपणच काढायचा. तीन पाकिटं म्हणजे दीड किलो. ३.६० भागिले १.५, म्हणजे २.४० पौंड किलो. ऑफर घेऊनसुद्धा १ किलोचं साधं पाकीट स्वस्तच! आणि ऑफरची पाटी बघून एकच पाकीट उचललं, तर ३ पौंडांचाच भाव पडणार.

आता फोटोतला शेवटचा कोपरा. २ किलोच्या पाकिटाशेजारी आणखी एक किंमत होती, मेंबरशिप कार्ड असणाऱ्यांसाठी ४ पौंड. म्हणजे किलोला २ पौंड. कार्ड असेल तर हेच सगळ्यात स्वस्त, नसेल तर १ किलोचं. ताईकडे कार्ड होतं, त्यामुळे शेवटी आईचंच म्हणणं खरं ठरलं. "मी सांगितलंच होतं," हेही ग्रुपवर लगेच आलं.

तरीही त्या दिवशी ताईने तांदूळ घेतला नाही. त्या आठवड्याच्या हिशोबात एकदम ४ पौंड बसत नव्हते आणि घरचा तांदूळ आणखी काही दिवस पुरणार होता. कार्डाच्या किमतीखाली ऑफरची शेवटची तारीख छापलेली होती आणि ती दोन आठवड्यांनंतरची होती. म्हणून तिने पुढच्या आठवड्यात २ किलोचं पाकीट आणलं. किलोचा भाव फक्त स्वस्त काय ते सांगतो. आज हातात किती पैसे आहेत आणि आणलेलं संपेपर्यंत टिकेल का, हे आपणच बघायचं. तांदूळ महिनोन्‌महिने टिकतो, पण ब्रेड किंवा दही ऑफरमध्ये तिप्पट आणलं आणि त्यातलं एक फेकलं, तर वाचलेले पैसे त्याच्याबरोबर गेले.

तुम्हाला कुणी असा फोटो काढून पाठवणार असेल, तर त्यांना सांगा की पट्ट्या समोरून, जवळून आणि पूर्ण दिसतील असा काढा. आणि पट्टीवरचं नाव आणि वजन वरच्या पाकिटाशी जुळतंय ना, ते आधी बघा. कुणीतरी उचललेलं पाकीट भलत्याच जागी ठेवून गेलेलं असू शकतं.

भारतातही आता बऱ्याच पाकिटांवर एमआरपीजवळ दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापलेला असतो. घरातलं एखादं पाकीट हातात घ्या आणि शोधा. अक्षर इथेही बारीकच आहे.