खापराचे वय

घोड नदीच्या काठी गणूच्या वडिलांचे शेत होते. शेताच्या एका कडेला पुरुषभर उंचीचे टेकाड होते. त्याची माती राखेसारखी पांढुरकी, म्हणून सारे त्याला पांढर म्हणत. जुन्या वस्तीची अशी माती खताप्रमाणे उपयोगी पडते, हे शेतकऱ्यांना ठाऊक असते. मृगापूर्वी ते टेकाड खणून तिथली माती वरच्या मुरमाड वावरात टाकायची, असे गणूच्या वडिलांनी ठरवले होते.

वैशाखातल्या एका सकाळी टेकाडाच्या पायथ्याशी गणू नांगर धरीत होता. तास वळवताना फाळाखालून ढेकळाबरोबर एक खापर वर आले. अशी खापरे तिथे नित्य सापडत. मुले ती नदीच्या पाण्यावर भाकऱ्या काढायला नेत. पण हे खापर निराळे होते. पातळ, तांबडे, आणि त्यावर काळ्या आडव्या रेघा. रेघांखाली बारीक तिरप्या रेषांनी भरलेले चौकोन. गणूने ते पाण्याने धुतले, बोटाने चोळले, तरी रंग निघेना. दगडावर वाजवले तर खणखणीत आवाज आला.

गुरुजींनी ते उलटसुलट करून पाहिले. "गणू, ही नक्षी भाजण्यापूर्वी काढलेली दिसते. म्हणून ती टिकली," ते म्हणाले. सुटीत ते त्याला पुण्यास डेक्कन कॉलेजात घेऊन गेले. तिथल्या संग्रहालयात कपाटातील एक तोटीचे भांडे पाहताच गणू जागच्या जागी थबकला. तोच तांबडा रंग, त्याच काळ्या रेघा!

तेथील अभ्यासक हसून म्हणाले, "हे भांडे तुमच्या नदीकाठच्याच इनामगावचे. 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन झाले. अशी भांडी त्याआधी संगमनेरजवळच्या जोर्वे गावी सापडली होती, म्हणून त्यांना जोर्वे भांडी म्हणतात. तुझे खापर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे, किंबहुना त्याहूनही जुने आहे."

"यावर साल तर लिहिलेले नाही. मग कसे कळले?" गणूने विचारले.

"तुमच्या उकिरड्यात पोळ्याच्या वेळचा कचरा कुठे असतो आणि दिवाळीचा कुठे?"

"पोळ्याचा खाली, दिवाळीचा वर."

"तसेच वस्तीचे. एक घर पडते, त्यावर दुसरे उभे राहते. मातीचे थर साचतात. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. जोर्वे भांड्यांच्या थरात जळलेले धान्य आणि कोळसा सापडतो. झाडे आणि पिके जिवंत असताना हवेतून एका खास जातीचा कार्बन घेत असतात. पीक कापले की घेणे थांबते आणि अंगातला तो कार्बन ठरलेल्या गतीने घटू लागतो. 5,730 वर्षांत तो निम्मा होतो. त्या थरांतल्या कोळशात तो सुमारे दोन तृतीयांश उरलेला आढळतो. त्यावरून काळ काढता येतो. मात्र नेमके एक साल नव्हे, थोडे मागेपुढे धरावे लागते. अशी सुबक जोर्वे भांडी इसवी सनापूर्वी 1400 ते 1000 या काळातली ठरली आहेत."

"म्हणजे वय कोळशाचे काढले, खापराचे नव्हे!"

"अगदी बरोबर. आणि तुझे खापर तर फाळाने वर आले. ते कोणत्या थरातले, त्याच्या शेजारी चूल होती की कणगी, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. त्याची भावंडे इनामगावी आपल्या थरात सापडली, म्हणून त्याची ओळख पटली."

परतीच्या वाटेवर गणू फारसे बोलला नाही. टेकाड त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. फावड्याने खणून माती वावरात पसरली की सारे थर एक होणार होते.

रात्री त्याने सारे वडिलांना सांगितले. "दादा, टेकाड तेवढे राहू द्या."

"खापरांनी पोट भरते का रे?" दादा म्हणाले. "वरचे वावर दोन वर्षे धड पिकलेले नाही. खत विकत आणायला पैसा कुठून आणू?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. गणूला उत्तर सुचले नाही. त्याने ते खापर दादांच्या हातात ठेवले. कंदिलाच्या उजेडात दादा बराच वेळ रेघांवरून अंगठा फिरवीत बसले. एका ठिकाणी रेघ किंचित वाकडी गेली होती. तिथे अंगठा थांबला.

"काढणाऱ्याचा हात इथे हलला," ते हळूच म्हणाले. मग खापर परत देत म्हणाले, "तळ्यातला गाळ टाकू. पण तळे लांब आहे. पहाटे उठावे लागेल."

दुसऱ्या दिवशी चांदणी उगवताच गणूने बैल गाडीला जुंपले. गुरुजींनी टेकाडाविषयी पुण्यास पाठवायचे पत्र लिहायला घेतले होते आणि दादांनी टेकाडाभोवती दोन तास जागा नांगरायची सोडून दिली होती.