‘नाही’ आणि ‘नसो’

सांगलीतल्या एका घरात आजोबांच्या मागे राहिलेल्या कपाटात दोन पुस्तके शेजारी शेजारी उभी होती. एक लोकमान्य टिळकांचे गीतारहस्य, दुसरे विनोबांची गीताई. आजोबांना दोन्ही प्रिय होती. पहिल्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या, दुसरे हाताळून हाताळून मऊ झालेले होते. आजी निवृत्त संस्कृत शिक्षिका. नात सी.ए.च्या अंतिम परीक्षेत दुसऱ्यांदा नापास होऊन घरी आलेली. भेटायला येणारा प्रत्येक जण तिला एकच सांगून जाई : “फळाची अपेक्षा धरू नये, गीतेत म्हटलेच आहे.” एका दुपारी तिने दोन्ही पुस्तके काढून दुसऱ्या अध्यायाचा सत्तेचाळिसावा श्लोक उघडला आणि ती आजीकडे आली.

“आजी, हा एकच श्लोक आहे ना? मग एकजण ‘नाही’ म्हणतो आणि दुसरा ‘नसो’. नक्की काय?”

प्रश्न वरवर व्याकरणाचा होता. आजीने तो व्याकरणाचाच म्हणून घेतला, आणि तेच बरे झाले.

श्लोकाचे चार चरण आहेत. अधिकार कर्मापुरता आहे, हे पहिल्यात. फळाविषयी दुसऱ्यात. तिसऱ्यात फळाचा हेतू धरणारा होण्याची मनाई आणि चौथ्यात कर्म टाकण्याविषयीची मनाई. दोन्ही मराठी रूपांतरे पहिल्या चरणात जवळजवळ एकत्र चालतात आणि दुसऱ्या चरणाशी येताच त्यांच्या वाटा फुटतात.

संस्कृतात नकार दोन प्रकारचा असतो. ‘न’ हा वस्तुस्थितीचा नकार : अमुक नाही. ‘मा’ हा निषेधाचा : अमुक नको, अमुक न होवो. श्लोकाच्या दुसऱ्या चरणात ‘मा’ आहे, पण क्रियापद नाही. ते वाचणाऱ्याने पुरवायचे. ‘मा’च्या सोबतीला ‘अस्तु’ घेणे हे सरळ. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात तेच घेतले आहे. मग अर्थ होतो, फळाच्या ठिकाणी तुझा अधिकार न असो. मराठीत याला नेमके एक रूप आहे, ‘नसो’. विनोबांनी ते उचलले. शब्दाला शब्द लावायचा तर विनोबा मूळ ‘मा’शी अधिक प्रामाणिक आहेत, यात शंका नाही.

मग टिळकांनी विधान का केले? संस्कृतात ते कच्चे होते असे म्हणायची कोणाची छाती नाही. कारण त्यांच्या टीपेत आहे. हे चार चरण एकमेकांना पूरक आहेत, ही कर्मयोगाची चतुःसूत्रीच आहे, असे ते मानतात. म्हणजे प्रत्येक चरण आधीच्या चरणातून उठणाऱ्या शंकेचे उत्तर. कर्माचा अधिकार माझा, असे पहिल्याने सांगितले की माणूस लगेच म्हणणार : ज्याचे झाड त्याचे फळ, तेव्हा फळही माझेच. या शंकेला इच्छेने किंवा आज्ञेने उत्तर देता येत नाही. तिथे वस्तुस्थितीच सांगावी लागते : फळ मिळणे न मिळणे तुझ्या ताब्यातले नाही. आणि ते एकदा वस्तुस्थिती म्हणून मान्य झाले की त्याच्यापुढे ‘म्हणून’ लावून तिसरा चरण ओढून घेता येतो. ‘नसो’च्या पुढे ‘म्हणून’ बसत नाही. ‘नाही’च्या पुढे बसते. टिळकांच्या भाषांतरात जे शब्द कंसात येतात त्यांचे कामही हेच. श्लोकात न बोललेला सांधा ते कंसात बोलून दाखवतात.

नातीला हे पटले. “म्हणजे टिळक बरोबर आहेत. पेपर तपासणे माझ्या हातात कुठे होते?” गीताही अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे मोजते, कर्ता हे त्यांतले केवळ एक आणि दैव हे पाचवे. त्या बाजूने पाहता ‘नाही’ हे निव्वळ खरे आहे.

पण विनोबांचा ‘नसो’ हा केवळ ‘मा’चा अनुवाद नव्हे. गीताई प्रसिद्ध झाली 1932 साली, आणि त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती उतरून घेतली. तिथे दुसऱ्या अध्यायावर बोलताना विनोबा जे म्हणतात त्याचा आशय असा की, कर्म करणाऱ्याला फळाचा अधिकार आहेच, पण तो त्याने आपण होऊन सोडावा. इथे दोघांतले अंतर उघडे पडते. टिळकांच्या मते फळ तुझे नव्हतेच, त्यामुळे सोडण्याचा प्रश्न येत नाही. ते समजून घ्यायचे आहे. विनोबांच्या मते ते तुझे असू शकते, म्हणूनच सोडण्याला अर्थ आहे. जे मुळात नाही त्याला कोणी ‘नसो’ म्हणत नाही.

याच ठिकाणी आणखी एक शब्द बदलतो. टिळक मूळचा ‘अधिकार’ तसाच ठेवतात. विनोबा त्याच्या जागी ‘भाग’ म्हणतात. आजीच्या एका जुन्या सहकाऱ्याचे मत होते की ही छंदाची सक्ती. गीताई समश्लोकी आहे. अनुष्टुभाच्या प्रत्येक चरणात अक्षरे आठच. संस्कृतात ‘एव’मधला ‘व’ आणि ‘अधिकार’मधला ‘अ’ संधीने एक होतात, एक अक्षर वाचते आणि शब्द सुखाने मावतो. मराठीत तसा संधी होत नाही. तेव्हा अधिकार मावणार कसा?

आजीने कागद घेतला. अनुष्टुभात पाचवे अक्षर लघू हवे, सहावे गुरू, आणि पहिल्या-तिसऱ्या चरणात सातवेही गुरू. तिने स्वतःच एक चरण जुळवला : ‘अधिकार तुझा कर्मी’. मोजून आठ अक्षरे. पाचवे ‘तु’ लघू, सहावे ‘झा’ गुरू, सातवे ‘क’ पुढच्या जोडाक्षरामुळे गुरू. म्हणजे मावतो की! पण मग ‘च’ कुठे? ‘कर्मीच’ केले की अक्षरे नऊ. शब्द पुढेमागे करून पाहिले, तरी नऊच. आणि या चरणाचा सगळा भार त्या ‘च’वर आहे, कर्मातच, फळात नव्हे. ‘च’ गेला तर दुसऱ्या चरणाला टेकायला भिंत उरत नाही. विनोबांनी ‘च’ राखला आणि अधिकार सोडला. टिळकांना ही निवड करावीच लागली नाही. गद्यात ‘करण्यापुरताच’ असे ऐसपैस लिहिता येते.

छंदाने दार बंद केले हे खरे, पण दोन अक्षरी शब्द काय एकच होता? ‘हक्क’ होता. ‘भाग’ म्हणजे वाटा. पिकातला वाटा, वडिलार्जित घरातला वाटा. अधिकार ताब्यात असतो किंवा नसतो. वाटा मात्र आपल्या नावावर असूनही भावाला सोडता येतो. ‘नसो’च्या शेजारी ‘भाग’च शोभतो. विनोबांनी तो त्यासाठीच निवडला असे सिद्ध करता येणार नाही, पण दोन शब्द एकमेकांना धरून आहेत एवढे दिसते.

तिसरा चरण लवकर संपतो. मुळात तिथे एक समास आहे आणि त्याने वर्णन होते ते माणसाचे : फळ हाच ज्याचा हेतू, तसा तू होऊ नको. टिळक हा माणूस ठेवतात. विनोबा माणूस गाळून हेतूलाच नको म्हणतात. अर्थाचे नुकसान थोडे, अक्षरांची बचत बरीच.

चौथ्या चरणाशी मात्र नात थबकली. मूळ शब्द ‘संग’. टिळकांकडे त्याचा ‘आग्रह’ झाला आहे, विनोबांकडे ‘वासना’. आग्रह उघड असतो, चारचौघांत मांडता येतो, त्याला युक्तिवाद असतात. वासना आतून ओढते आणि गप्प असते. टिळकांसमोर प्रतिपक्ष होता तो संन्यासमार्गाचा. कर्म सोडणेच श्रेष्ठ, असे शास्त्राधारे सांगणाऱ्यांचा. गीतारहस्याचा मोठा भाग त्या वादात खर्च झाला आहे. अशा प्रतिपक्षाला ‘आग्रह धरू नको’ हेच सांगायचे असते. गीताईच्या उगमाशी वाद नाही. विनोबांच्या आईला गीता समजेल अशा मराठीत हवी होती. वामनपंडितांची समश्लोकी तिला अवघड गेली, तेव्हा ‘तूच का करीत नाहीस’ असे ती मुलाला म्हणाली होती. ती 1918 साली गेली आणि गीताई त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी लिहिली गेली. घरात पहाटे म्हणायच्या पुस्तकात प्रतिपक्ष कशाला येईल? तिथे शत्रू आपल्याच मनातला. (पुढे ‘समणसुत्तं’ ज्यांच्या प्रेरणेने सिद्ध झाले ते हेच विनोबा, हे या घराला ठाऊक होते, गीताई कपाटात येण्याचे तेही एक कारण.)

‘अकर्म’ शब्दाचेही थोडे सांगायला हवे, कारण तो दोघांनी एकाच अर्थाने घेतला म्हणून तो तसाच आहे असे वाटते. ज्ञानेश्वरीत याच जागी ‘कुकर्म’ आहे. चूक नव्हे. संस्कृत वैयाकरण नकारदर्शक ‘अ’चे सहा अर्थ मोजतात. ‘अभाव’ त्यांतला एक. ‘विरोध’ आणि ‘निंद्यपणा’ हेही त्यांतलेच. ‘अधर्म’ म्हणजे धर्म नसणे एवढेच नव्हे, धर्माच्या उलट वागणे. त्याच न्यायाने अकर्म म्हणजे वाईट कर्म होऊ शकते. टिळकांनी अभावाचा अर्थ घेऊन ‘कर्म न करणे’ असे उलगडून लिहिले, त्यामुळे वाचकाला दुसरा अर्थ सुचत नाही. विनोबांनी ‘अकर्मी’ ठेवले. तिथे फसगत होऊ शकते : ऐकणाऱ्याला ते ‘कर्महीन माणूस’ असे विशेषण वाटते, पण ती सप्तमी आहे, ‘अकर्माच्या ठिकाणी’.

“आणि अपेक्षा?” नातीने विचारले. “सगळे सांगतात ती अपेक्षा कुठे आहे?”

आजीने दोन्ही पाने तिच्यापुढे सरकवली. तो शब्द तिथे नव्हता. टिळकांचा हेतू, विनोबांचाही हेतू. निकालाची वाट पाहण्याला दोघांपैकी कोणीही हरकत घेतलेली नव्हती.

पुढच्या परीक्षेचा अर्ज भरायला चार दिवस उरले होते. पुन्हा बसणार नाही, हे नातीने सगळ्यांना कारणांसह सांगून झाले होते. ती बराच वेळ चौथ्या चरणाकडे पाहत राहिली.

“आजी, मी हा जो धरून बसलेय, तो आग्रह आहे की वासना?”

“ते तुला कळणार. मला कसे कळावे?” आजी म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली.

संध्याकाळी पुस्तके कपाटात परत गेली तेव्हा गीताईच्या त्या पानावर, ‘वासना’ या शब्दाखाली, पेन्सिलीची एक बारीक रेघ होती. आजोबांची नव्हती, ते त्या पुस्तकावर कधी खूण करीत नसत.