चाळणीची चिठ्ठी

आमच्या हापिसात सीव्ही चाळायचं काम गेली सहा वर्षं एकच मॅडम करत होत्या. त्या आता दुसऱ्या कंपनीत चालल्यात आणि त्यांच्या जागी एक नवीन मुलगा आलाय. मॅडमनी त्याच्यासाठी हॅंडओव्हर नोट लिहिली. मी इंटरव्ह्यू पॅनेलवर असतो, म्हणून ती तपासायला माझ्याकडे आली. म्हटलं, दीड पान तर आहे, चहा पिता पिता होऊन जाईल. झाले तीन दिवस!

कारण असं की नोटमध्ये नियम सगळे व्यवस्थित होते, पण नियमांतल्या सवलती जवळजवळ नव्हत्याच. त्या मॅडमच्या डोक्यात होत्या. आणि माझा आजवरचा अनुभव असा की चाळणीत नियमापेक्षा सवलत जास्त महत्त्वाची. चुकीचा माणूस पुढे आला तर तो इंटरव्ह्यूत पाऊण तासात कळतो. चुकीचा माणूस मागे राहिला तर ते कोणालाच कळत नाही. त्याला एक ठरावीक मेल जातो, संपलं. त्यातून धडा घ्यायला आपल्या हातात काहीच उरत नाही.

आधी नियम सांगतो. जागा बॅकएंड डेव्हलपरची, ३ ते ५ वर्षं अनुभव. एकूण २० गुण. मुख्य स्किल वापरल्याच्या पुराव्याला ८, अनुभवाच्या वर्षांना ४, नोकरीत टिकण्याला ४ आणि नोटीस पिरियडला ४. बारा किंवा जास्त गुण असतील तर फोन करायचा. ९ ते ११ असतील तर सीव्ही आमच्यापैकी एका इंजिनियरला दाखवायचा. त्याच्या खाली नकार.

स्किलच्या आठ गुणांची गंमत आहे. नुसत्या यादीत ‘जावा, स्प्रिंग, काफ्का’ असं लिहिलं असेल तर शून्य. प्रोजेक्टमध्ये स्वतः काय केलं ते लिहिलं असेल तर ५. काय अडलं आणि ते कसं सोडवलं हेही दिसत असेल तर ८. हा नियम मॅडमनी स्वतः बसवला होता. त्यांचं म्हणणं, "यादी कोणाचीही कॉपी करता येते हो, अडचण कॉपी करणं अवघड असतं." पटलं.

टिकण्याचे ४ गुण सरासरीवर. एका नोकरीत सरासरी १८ महिने किंवा जास्त काढले असतील तर ४, बारा ते अठराच्या मधे २, बाराच्या खाली शून्य. नोटीस पिरियड ३० दिवस किंवा कमी असेल तर ४, साठपर्यंत २, नव्वदला शून्य. नव्वद दिवसांना फक्त गुण नाहीत, त्यासाठी कोणाला बाद करायचं नाही. आपल्याकडे एवढ्या कंपन्यांत नव्वद दिवसच असतात की तसं केलं तर बोलवायला माणसंच उरणार नाहीत.

आणि या सगळ्याच्या आधी एक फाटक होतं: दहावी, बारावी, डिग्री, तिन्हीकडे ६० टक्के. आयटीतल्या मंडळींना हे ‘थ्रूआउट फर्स्ट क्लास’ प्रकरण नव्याने सांगायला नको. मी मॅडमना विचारलं की हा नियम कुठून आला? त्यांनी जुने मेल शोधले तेव्हा कळलं की एका क्लायंटच्या करारात तशी अट आहे. म्हणजे ती फक्त त्या क्लायंटच्या जागांना लागू. पण लिहिताना ‘६० टक्के थ्रूआउट’ एवढंच लिहिलं गेलं, कारण लिहिलंच नाही, आणि हळूहळू सगळ्या जागांना तीच गाळणी लागली. आता नोटमध्ये पहिल्या ओळीतच आहे: अट त्या एका क्लायंटपुरती, करार संपला की अटही संपली.

आता सवलती. तीनच सांगतो, कारण या तिन्हींत माणसं सगळ्यात जास्त अडकतात.

पहिली, डिप्लोमावाले. दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक करून जो थेट इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जातो, त्याची बारावी नसतेच. फॉर्ममध्ये HSC % हा रकाना तो मोकळा सोडतो. आमच्या शीटमध्ये मोकळा म्हणजे शून्य, आणि शून्य म्हणजे साठच्या खाली, म्हणजे बाद. मॅडम रोज सकाळी बाद झालेल्यांत जाऊन असे मोकळे रकाने हाताने बघायच्या आणि तिथे डिप्लोमाचे टक्के भरायच्या. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. नवीन मुलाने शीटवर विश्वास ठेवला असता (आणि त्याने का ठेवू नये?) तर पहिल्या दिवसापासून एकही डिप्लोमावाला पुढे आला नसता.

दुसरी, सीजीपीए. डिग्रीचे ६.६ आहेत, तर टक्के किती? कोणी सरळ दहाने गुणतो, ६६. कोणी सीबीएसईच्या सवयीने ९.५ ने गुणतो, ६२.७. तो आकडा २०१७ पर्यंतच्या सीबीएसई दहावीच्या ग्रेडसाठी होता, इंजिनियरिंगच्या डिग्रीशी त्याचा संबंध नाही. एआयसीटीईच्या तक्त्यात ६.७५ म्हणजे ६० टक्के, आणि त्याचं सूत्र असं:

```
percent = (CGPA - 0.75) * 10
```

याने ६.६ चे होतात ५८.५. म्हणजे तोच माणूस, तेच मार्क, आणि कुठला गुणाकार केला यावर फाटकाच्या आत की बाहेर ते ठरतं. इथे ठरलेला नियम साधा आहे. त्या विद्यापीठाने दिलेलं सूत्र वापरायचं, ते नसेल तर वरचं. उमेदवाराने स्वतः काढलेले टक्के घ्यायचे नाहीत, आणि स्वतःच्या मनानेही काढायचे नाहीत. ही खरं तर सवलत नाही. काहींना याने तोटाच होतो. पण निदान सगळ्यांना एकच माप लागतं.

तिसरी सवलत सगळ्यात नाजूक, पेरोल बदलाची. कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्या माणसाचं टेबल तेच, क्लायंट तोच, प्रोजेक्ट तेच, पण मधली कंपनी बदलते. सीव्हीवर दोन नोकऱ्या दिसतात, प्रत्यक्षात एकच असते. अशा दोन नोकऱ्या एक धरायच्या असं ठरलंय. पण एवढंच लिहून ठेवलं तर महिन्याभरात प्रत्येक उड्या मारणारा सांगेल की ‘क्लायंट तोच होता’. म्हणून तिला कुंपण घातलं. क्लायंट आणि प्रोजेक्ट दोन्ही तेच हवेत, मधला खंड ३० दिवसांपेक्षा जास्त नको, आणि फोनवर सांगितलेल्या तारखा पुढे पीएफच्या यूएएन खात्यातल्या सर्व्हिस हिस्टरीशी जुळायला हव्यात. तिथे कोणत्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत ते दिसतं. ती मात्र ऑफरच्या वेळीच मागायची, आधी नाही. चाळणीच्या पायरीवर कोणाची खाजगी कागदपत्रं गोळा करायचं आपल्याला कारण नाही.

एक उदाहरण घेऊ म्हणजे हे सगळं एकत्र कसं चालतं ते दिसेल. जुन्या सीव्हींमधलंच आहे, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. जागा त्या साठ टक्केवाल्या क्लायंटची. मुलीला दहावीला ७८ टक्के, बारावी मोकळी, डिप्लोमा ७१ टक्के, डिग्री सीजीपीए ६.९. अनुभव ३ वर्षं ४ महिने, कंपन्या तीन, नोटीस ९० दिवस. प्रोजेक्टमध्ये स्वतःचं काम नीट लिहिलंय, अडचणींबद्दल काही नाही.

नुसते नियम लावले तर बारावी शून्य, फाटकातच बाद. पुढचं कोणी वाचणारही नाही. डिप्लोमाची सवलत लावली की ७१ चालतात, डिग्रीचे ६१.५ होतात, फाटक पार. आता गुण. स्किल ५, अनुभव ४, नोटीस शून्य. टिकण्याचं गणित: ४० महिने, तीन कंपन्या, सरासरी तेराच्या जरा वर, म्हणजे २. एकूण ११. फोन नाही, इंजिनियरच्या टेबलावर. मग नीट वाचलं तर दिसतं की पहिल्या दोन कंपन्यांत एकाच बॅंकेचं एकच प्रोजेक्ट आहे आणि मधे फक्त आठवडा गेलाय. दोन नोकऱ्या धरल्या की सरासरी २० महिने, म्हणजे ४. एकूण १३. फोन करायचा.

बाद, बघू, आणि फोन. एकाच कागदाचे तीन निकाल! कौशल्य, मेहनत, काहीही बदललं नाही. बदललं ते एवढंच की वाचणाऱ्याला काय माहीत होतं.

म्हणून आता नोटमध्ये प्रत्येक सवलतीपुढे चार गोष्टी लिहिल्यात: कशामुळे दिली, कोणाला लागू नाही, पुरावा काय, आणि कोणी कधी मान्य केली. चौथी गोष्ट मुलाला फालतू वाटली. मॅडम म्हणाल्या, "अरे, उद्या एखादा मॅनेजर तुला दमात घेईल ना, तेव्हा हीच ओळ कामाला येईल." मॅनेजरने आपल्या ओळखीच्याचा सीव्ही दिला तर काय, तेही लिहिलंय. तो सीव्ही त्याच दिवशी वाचायचा, गुण मात्र वाढवायचे नाहीत.

नोट झाली की ती पुरेशी आहे का हे कसं कळणार? त्यासाठी एक करून बघितलं. आधीच निकाल लागलेले २० सीव्ही घेतले, निकाल झाकले आणि मुलाला फक्त नोट हातात देऊन गुण द्यायला लावले. मॅडमच्या गुणांत आणि त्याच्या गुणांत दोनपेक्षा जास्त फरक कुठे पडतो तेवढंच बघायचं. जिथे फरक पडला तिथे मुलाला काही बोलायचं नाही, नोट दुरुस्त करायची. पेरोलचं ३० दिवसांचं कुंपण अशाच एका फरकातून आलं. मॅडमनी चार महिन्यांचा खंड असलेल्याला दोन नोकऱ्या धरल्या होत्या, त्याने एकच. दोघांनाही नोट पटत होती!

आणि शेवटचं कलम माझ्या आग्रहाने आलं. दर महिन्याला नकार दिलेल्यांतले कुठलेही दहा सीव्ही एका इंजिनियरने पहिल्यापासून वाचायचे. पहिला नंबर माझाच लागलाय. पुढच्या शनिवारी बसेन म्हणतो.