आठ मिनिटं पुढे

चंद्रपुरात बसून अहेरी-सिरोंचाकडच्या ऑफिसांची नेटवर्कं फोनवरून दुरुस्त करण्याचा मला जुना माज आहे. समोरचा माणूस "सायेब, पासवर्ड तं बराबरच हाये" म्हणतो, त्याचं वाक्य संपायच्या आत मी विचारतो, "सर्व्हरवर किती वाजले?" आणि बहुतेक वेळा नेम बसतो. ही युक्ती मी हाताखालच्या पोरांना कधी नीट सांगितली नाही. फोन मलाच यावा, असं वाटायचं. आता डोळ्यांना स्क्रीन सोसत नाही. काम एका मुलीकडे सोपवतोय आणि तिला युक्ती पुरत नाही, कारण हवं असतं. "सर, केर्बेरॉसमध्ये पासवर्ड तारेवरून जातच नाही ना? मग घड्याळाचा एवढा जाच कशाला?"

प्रश्न बरोबर होता. सकाळी लॉगिन करताना पासवर्डपासून किल्ली मशीनवरच तयार होते. त्या किल्लीने त्या क्षणाची वेळ कुलूपबंद होऊन तिकीट देणाऱ्या सर्व्हरकडे जाते आणि बदल्यात साधारण दहा तास चालणारं मूळ तिकीट मिळतं. पुढे फाइल हवी, छपाई हवी, हजेरीचं पान हवं, की ते मूळ तिकीट दाखवून त्या-त्या सेवेचं वेगळं तिकीट घ्यायचं. पासवर्डचं काम सकाळीच संपलेलं असतं. सेवेचा सर्व्हर आपल्या किल्लीने तिकीट उघडतो. आत माणसाचं नाव असतं आणि फक्त त्या दोघांपुरती एक तात्पुरती किल्ली.

पण तिकीट उघड्या तारेवरून जातं, त्याची नक्कल कोणीही उचलू शकतो. जंगल सफारीच्या मोहर्ली गेटवर नुसती बुकिंगची पावती चालत नाही, ओळखपत्रही लागतं. तसंच तिकिटाबरोबर दर वेळी एक ताजी चिठ्ठी जाते. त्या चिठ्ठीत, तात्पुरत्या किल्लीने बंद केलेली, आत्ताची वेळ असते. पण चिठ्ठीही चोरता येतेच! म्हणून सर्व्हर फक्त पाच मिनिटांच्या फरकातली चिठ्ठी मान्य करतो आणि तेवढ्या काळात आलेल्या चिठ्ठ्या लक्षात ठेवतो. तीच पुन्हा आली की परत पाठवतो. घड्याळ नसतं तर आजवरची प्रत्येक चिठ्ठी त्याला कायमची लक्षात ठेवावी लागली असती.

नीडहॅम आणि श्रोडर यांनी 1978 साली मांडलेल्या मूळ पद्धतीत वेळ नव्हतीच. जुनी किल्ली फुटली तर जुनाच निरोप पुन्हा चालवता येतो, हे डेनिंग आणि साको यांनी 1981 मध्ये दाखवलं आणि त्यावर वेळेचा शिक्का सुचवला. एमआयटीत केर्बेरॉस घडवणाऱ्यांनी तो उचलला. तेव्हापासून आम्ही घड्याळांचे नोकर.

अहेरीकडच्या ऑफिसातली परवाची गोष्ट. सगळे लॉगिन होत होते, `klist` मध्ये तिकिटं ठणठणीत दिसत होती, फक्त हजेरीचा लिनक्स सर्व्हर प्रत्येकाला परत पाठवत होता. सगळे आत आणि एकच दार बंद, तर बोट त्या दाराच्या घड्याळाकडे. त्याच्या लॉगमध्ये ओळ होती: `Clock skew too great`.

तिथले लोक उन्हाळ्याला दोष देत होते. आमच्याकडे तो सोयीचा आरोपी आहे. मुलीने हिशेब मांडला. मदरबोर्डवरचा घड्याळाचा स्फटिक पंचवीस अंशांच्या आसपास ठीक चालतो. पंचेचाळीसला दिवसाकाठी सेकंदभर मागे पडेल. मागे, पुढे नव्हे. हा सर्व्हर आठ मिनिटं पुढे होता.

झालं होतं असं. बोर्डावरचा सेल संपलेला. वीज गेली, आली, तारीख कुठल्या तरी जुन्या सालात गेली. वेळ बाहेरच्या इंटरनेटवरून यायची आणि पावसात लाइन बंद. मग कुणीतरी भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ हाताने टाकली. आणि भिंतीवरचं घड्याळ, बस चुकू नये म्हणून, मुद्दाम पुढे ठेवलेलं!

तिथल्या ठेकेदाराचा इलाज तयार होता: सर्व्हरच्या `krb5.conf` मध्ये `clockskew = 3600`. दार लगेच उघडलं असतं. पण पाच मिनिटांत शिळी होणारी चिठ्ठी तासभर ताजी राहिली असती. हल्ली अशा इलाजांनाच दुरुस्ती म्हणतात. त्याचेच भाऊबंद सर्व्हरच्या नावाऐवजी आयपी टाकायला सांगतात; मग विंडोज गुपचूप केर्बेरॉस सोडून जुन्या एनटीएलएमवर उतरतं आणि सगळे खूश.

मुलीने सेल बदलायला लावला आणि `chrony` ला वेळ बाहेरून न घेता इमारतीतल्या तिकीट देणाऱ्या सर्व्हरकडूनच घ्यायला सांगितलं. मी हरकत घेतली: लाइन बंद पडली तर त्याचंही घड्याळ सरकेल. "सरकू द्या सर," ती म्हणाली, "सगळे मिळून सरकतील." मुद्दा बिनतोड होता आणि तो मला सुचला नव्हता, याचा मला दिवसभर राग आला. तिकडचे फोन आता तिला जातात. भिंतीवरचं घड्याळ मात्र त्यांनी कुणाला हलवू दिलेलं नाही.