कोपऱ्यात उतरणारं यंत्र

आमची भातशेती दीड एकराची, पण ती एका तुकड्यात नाही. कुडाळकडच्या बहुतेक शेतीसारखी तीही उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी पसरलेली आहे. सगळ्यात खालचा मळा रस्त्याला लागून आणि चांगला वीस गुंठ्यांचा आहे. वरचे कोपरे मात्र चार-पाच गुंठ्यांचे, एखादा तर दोन गुंठ्यांचाही नाही. बैलजोडी विकल्यावर यंत्र घ्यायचं ठरलं, तेव्हा जो तो एकच आकडा विचारायचा : किती एचपीचं घेतोस? शेजारचे आबाकाका तेवढे वेगळं बोलले. "मोठा मशीन घेतलंस, तरी ता कोपऱ्यात उतरवतलो कोण?" पुढची सगळी निवड मी या प्रश्नाला धरूनच केली.

समोर तीन पर्याय होते. सात एचपीचा पेट्रोल वीडर, तेरा एचपीचा डिझेल पॉवर टिलर आणि चोवीस एचपीचा मिनी ट्रॅक्टर. माहितीपत्रकावर छापलेली एचपी इंजिनाची असते. पट्टे, गिअर आणि चेन यांतून पात्यांपर्यंत पोहोचते ती त्याहून कमी. शिवाय छापलेला आकडा बऱ्याचदा कमाल शक्तीचा असतो, आणि तेवढ्या जोरावर इंजिन तासन्‌तास चालवायचं नसतं. म्हणून मी विक्रेत्यांकडे चाचणी अहवाल मागितला. आंध्रातल्या गार्लादिन्ने इथे केंद्र सरकारची संस्था पॉवर टिलर तपासते. इंजिनाने सलग काही तास किती शक्ती दिली आणि त्या वेळी किती डिझेल जाळलं, हे अशा अहवालात लिहिलेलं असतं. ज्याने अहवाल दाखवायला टाळाटाळ केली, त्याचं नाव मी तिथेच खोडलं.

तरी अहवालातली जमीन आपली नसते. आमच्या एका कोपऱ्यात वहाळाच्या पाण्यावर वायंगण होतं. त्यामुळे जानेवारीत, भर कोरड्या दिवसांत, खरी चिखलणी करून बघता आली. विक्रेत्यांना सांगितलं, प्रात्यक्षिक शोरूमच्या अंगणात नको, याच कोपऱ्यात द्या. पाच गुंठ्यांचा कोपरा आम्ही मधोमध दोरी लावून विभागला, म्हणजे टिलर आणि वीडर दोघांनाही सारखीच जमीन मिळाली. इंधन मोजायची रीत सोपी आहे. यंत्र सपाट जागी उभं करून टाकी गळ्यापर्यंत भरायची, काम करायचं, परत त्याच जागी आणून मापाच्या भांड्याने पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. जितकं मावलं, तितकं जळलं.

टिलरने आपला अडीच गुंठ्यांचा भाग वीसेक मिनिटांत उरकला आणि साडेचारशे मिलीच्या आसपास डिझेल घेतलं. वीडरला पंचवीस मिनिटं लागली आणि पाऊण लिटर पेट्रोल गेलं. ताशी खप बघितला तर दोघांत फार फरक वाटत नाही, आणि विक्रेते नेमका ताशी खपच सांगतात. गुंठ्यामागे काढल्यावर खरं चित्र दिसतं : टिलरला एकशे ऐंशी मिली, वीडरला तीनशे. त्यात वीडर पूर्ण थ्रॉटलवर चालूनही जेमतेम चार बोटं खोल गेला, आणि चिखलात त्याला मागून ढकलावं लागत होतं. टिलर वीतभर उतरला. वीडरला तेवढा चिखल करायला आणखी एक फेरी लागली असती, म्हणजे इंधन दुप्पट. याचं कारण इंजिनाच्या जातीत आहे. तेवढंच काम करायला लहान पेट्रोल इंजिन डिझेलपेक्षा बरंच जास्त इंधन खातं, आणि कुवतीच्या टोकाला चालवलं की तापतं, झिजतंही लवकर. भाजीच्या वाफ्यात किंवा काजूच्या बागेत तण काढायला वीडर उत्तम आहे. भाताचा चिखल करायचं काम मात्र त्याचं नाही.

मिनी ट्रॅक्टर खालच्या मळ्यात बघितला. चार फुटी रोटाव्हेटरने त्याने तासाभरात जवळजवळ अख्खा मळा उलथला. गुंठ्यामागचं डिझेल टिलरच्या जवळपासच, आणि माणूस बसून काम करतो. टिलरची रुंदी दोन फुटांची, त्यामुळे एक एकर एकदा फिरवायचा तर मागच्या माणसाला साडेसहा किलोमीटरहून जास्त चालावं लागतं, तेही चिखलात. हा फरक लहान नाही. पण ट्रॅक्टरला वळायला जागा लागते. चार गुंठ्यांच्या कोपऱ्यात त्याचा अर्धा वेळ मागेपुढे करण्यात जातो आणि चारही कोन कुदळीने खणायला उरतात. वर चढवायचा तर बांध फोडून उतार करावा लागेल, आणि आमचे दगडी बांध आजोबांच्या हातचे आहेत. टिलरही चारशे किलोंचा आहे, पण जाड फळ्या टाकून दोघांना मिळून तो एका कोपऱ्यातून दुसऱ्यात उतरवता येतो. आम्ही विक्रेत्यासमोरच उतरवून बघितला.

तेरा एचपीचा डिझेल टिलर, इथवर ठरलं. आता तो कुणाकडून घ्यायचा? याचं उत्तर मी आधीच्या जुलैत बघून ठेवलं होतं. ऐन लावणीत आबाकाकांच्या टिलरमधून खरवडल्यासारखा आवाज येऊ लागला. चेनकेसचा खालचा बोल्ट सोडला तर तेल काळं यायच्या जागी दुधाळ, फेसाळ आलं. आत पाणी शिरल्याची ती खूण. रोटरीच्या दांड्याला गवत आणि नायलॉनचा धागा गुंडाळला गेला होता. घट्ट आवळत आवळत त्याने ऑइल सील कापलं, आणि त्या फटीतून चिखलाचं पाणी चेनपर्यंत पोहोचलं. सील काही मोठ्या किमतीची वस्तू नव्हे. पण विक्रेत्याकडे ती नव्हती, 'मागवतो' म्हणाला, आणि ती आली तोवर तरवा म्हातारा झाला. काकांना निम्मी शेती मजुरीच्या नांगराने करून घ्यावी लागली.

तेव्हा काकांबरोबर मी दोन-तीन दुकानांचे काउंटर फिरलो होतो. एका ठिकाणी चकचकीत नवी यंत्रं ओळीने उभी, पण मागच्या फडताळात पट्टे आणि फिल्टरपलीकडे काही नव्हतं. दुसऱ्या दुकानाचा दर्शनी भाग साधा होता. मात्र आत सीलचे डबे मापवार लावलेले, पात्यांचे संच, क्लचच्या वायरी आणि एक जुना टिलर सुटा करून ठेवलेला. मेकॅनिक दुकानात नव्हता, बांद्याकडे कुणाच्या तरी शेतात गेला होता. मला ते फार पटलं. मालकाकडून मी त्याच्या गिऱ्हाइकांची नावं घेतली. त्यांना यंत्र कसं आहे हे न विचारता गेल्या पावसाळ्यात बंद पडल्यावर माणूस कधी आला, एवढंच विचारलं. बहुतेकांचं उत्तर होतं, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. या दुकानातला टिलर पहिल्या दुकानातल्यापेक्षा काही हजारांनी महाग होता. मी तो घेतला.

अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज केला होता. पूर्वसंमती हातात येईपर्यंत बिल करायचं नाही, ही अट पाळावी लागते. त्यात बरेच दिवस जातात, म्हणून अर्ज पावसाळा संपताच टाकलेला बरा.

आता रोज संध्याकाळी यंत्र धुताना रोटरीच्या दांड्यावरचा धागा-गवत कोयत्याच्या टोकाने कापून काढतो. पन्नास तासांनी चेनकेसचा बोल्ट जरासा सैल करून तेलाचा रंग बघतो. दोन ऑइल सील, पट्ट्यांचा जोड आणि पात्यांचा अर्धा संच घरी असतो. खालच्या मळ्याला मात्र मी टिलर लावत नाही. तिथे वाडीतलाच मिनी ट्रॅक्टर तासाच्या भाड्याने बोलावतो. तेवढ्या वेळात टिलर वरच्या कोपऱ्यांत चालू असतो.