खांद्यावरून गादीवर

सहा आठवड्यांच्या लसीला येणारे बाबा मला त्यांच्या डोळ्यांवरूनच ओळखू येतात. बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्याच्या आसपास कळसाला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांनी आयांना रोजच्या रोज नोंदी ठेवायला लावल्या आणि १९६२ मध्ये हा चढउतार मांडला. म्हणजे लसीचा दिवस आणि रडण्याचा कळस नेमके एकाच सुमाराला येतात.

असेच एक बाबा मांडीवर लेक घेऊन बसले होते. पहिलंच मूल. बायकोचं सिझेरियन झालेलं, म्हणून रात्री दूध पाजून झालं की पुढचं सगळं यांच्याकडे. ते म्हणाले, "डॉक्टर, खांद्यावर गाढ झोपते. गादीवर ठेवली की दुसऱ्या मिनिटाला किंचाळते. आई म्हणते, दृष्ट लागली. मला वाटतं, माझ्याच हातात काहीतरी कमी आहे."

मी त्यांना आदल्या रात्रीचं सगळं क्रमाने सांगायला लावलं. दीडला दूध झालं, ढेकर निघाला. दोनला रडणं सुरू. त्यांनी थोपटलं, मग झुलवलं, मग खुळखुळा वाजवला, मग दिवा लावून खिडकीशी नेलं, आणि हे सगळं पाच मिनिटांच्या आत. इतक्या भराभर बदल झाले की थकलेलं बाळ आणखी बिथरतं. शेवटी खांद्यावर घेऊन चालत राहिले तेव्हा ती शांत झाली आणि झोपली. डोळे मिटलेले दिसताच त्यांनी तिला खाली ठेवलं. घोटाळा इथे होता.

जपानच्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हाच क्षण तपासला. आई बाळाला घेऊन चालताना, बसल्यावर आणि खाली ठेवताना त्यांनी बाळाच्या हृदयाचे ठोके मोजले. पाच मिनिटं सलग चालल्यावर रडणं थांबलं आणि जवळपास निम्मी बाळं झोपली. पण खाली ठेवताना ठोके वाढू लागले, ते पाठ गादीला टेकण्याच्या आधीच, आईच्या अंगापासून पोट सुटायला लागलं तेव्हा. झोप लागल्यावर पाच ते आठ मिनिटं तसंच धरून बसलं, तर बाळ जागं होण्याची शक्यता कमी होत होती. अभ्यास लहान होता, एकवीस बाळांचा, आणि त्यात फक्त आया होत्या. पण वडिलांच्या खांद्यावरही हे साधतं, हे मी पुष्कळ घरांतून ऐकलं आहे.

मग आम्ही रात्रीचा क्रम ठरवला. आधी दिवा मंद ठेवून लंगोट पाहायचा, पोटाला हात लावून अंग गार की गरम ते बघायचं, हातमोज्याचा दोरा किंवा केस बोटाला आवळलेला नाही ना, हेही तपासायचं. मग बाळ छातीशी उभं धरायचं, मानेला हात द्यायचा आणि स्वयंपाकघर ते हॉल एका लयीत पाच मिनिटं चालायचं. मध्ये थांबायचं नाही, गप्पा नाहीत, खुळखुळा नाही. झोपली की घड्याळ बघून आठ मिनिटं ताठ खुर्चीत बसायचं. सोफ्यावर नाही, कारण तिथे बापालाच डुलकी लागते आणि बाळ उशांच्या फटीत घसरून गुदमरू शकतं. ठेवताना आपणच वाकून बाळाला अंगाशी धरूनच गादीपर्यंत न्यायचं, पाठीवर ठेवायचं आणि छातीवरचा हात सावकाश काढायचा. गादी घट्ट हवी. मोहरीची उशी आजीच्या मायेची असली तरी झोपताना बाजूला ठेवायची.

"आणि तरीही रडली तर?"

काही रात्री रडणारच, हे मी स्पष्ट सांगितलं. तेव्हा ग्राइप वॉटर नाही, घुटी नाही. सहा महिने फक्त दूध. डोकं तापायला लागलं तर बाळाला पाठीवर सुरक्षित ठेवून पाच मिनिटं गॅलरीत जावं किंवा आजीला उठवावं. बाळाला गदागदा हलवायचं नाही, कधीच नाही; त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. आणि ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, हिरवी उलटी, दूध न ओढणं, लघवी कमी होणं, मलूल पडणं किंवा एरवीपेक्षा वेगळं, चिरकं रडणं, यातलं काहीही दिसलं तर फेऱ्या मारत बसायचं नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

दहाव्या आठवड्याच्या लसीला ते पुन्हा आले. आठ मिनिटं थांबल्यावर बहुतेक रात्री जमतं, म्हणाले. दोनदा मात्र पहाटेपर्यंत आलटून पालटून घ्यावं लागलं. आजींनी मध्येच सांगितलं, "आता तोच मला म्हणतो, आई, एवढ्यात ठेवू नकोस, अजून तीन मिनिटं बस."