वहीतील यादी आणि वंशवृक्षाचा तक्ता

जुन्या वहीत पाच पिढ्यांची नावे सलग लिहिलेली होती. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीमुळे एकच नाव तीनदा आलेले. थोरल्या सूनबाईंनी प्रथम प्रत्येकाला क्रमांक दिला: मूळपुरुष १, त्यांची अपत्ये वयक्रमाने १.१, १.२, १.३. पिढीगणिक ओळ बोटभर आत सरकली. शेवटचा अंक झाकला की पित्याचा क्रमांक उरे.

अडले ते दत्तकापाशी. १.१ यांचा दुसरा मुलगा निपुत्रिक काका १.३ यांच्याकडे दत्तक गेला होता. यादीत तो दोन्ही घरी असल्याने एक माणूस वाढलेला दिसे. जन्मघरचे नाव पुसावे, असे काहींचे मत पडले. पण त्यामुळे त्याची जन्मदाती आई कोण, हे कायमचे पुसले गेले असते. अखेर त्याचा वंश १.३.१ खाली गेला आणि १.१.२ पुढे ‘दत्तक, १.३.१ पाहा’ एवढेच राहिले. तक्त्यात या दोहोंना तुटक रेघेने जोडले.

वरून खाली उतरणारा वृक्ष आडव्या ए-३ कागदावर मावेना. समास सोडून ४०० मिलिमीटर रुंदीत चौकटी जेमतेम १०, आणि पाचव्या पिढीत माणसे २१! मग मूळपुरुष डावीकडे घेऊन प्रत्येक पिढीला ८० मिलिमीटरचा स्तंभ दिला. आधीच थांबलेल्या ४ शाखांनाही (१.१.२ ही त्यांतलीच) ओळ हवी होती. अशा २५ ओळी, प्रत्येकी १० मिलिमीटर. उंची २५० झाली. समास वगळता कागदाची उंची २७७. दोन नव्या नावांपुरती जागा उरली.